क्लास टेस्टमधील प्रश्न २ (ब) चे गुण पुन्हा तपासण्याबाबत विनंती

नागपूर
दि. ११ सप्टेंबर २०२५

प्रति,
विषय शिक्षक, इलेक्ट्रिकल सर्किट्स
विद्युत अभियांत्रिकी विभाग

विषय: प्रश्न २ (ब), मेश अ‍ॅनालिसिस, ६ पैकी २ गुण मिळाल्याबाबत.

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

मी तिसऱ्या सेमिस्टरचा विद्यार्थी, रोल नंबर ३७. काल पेपर वाटल्यावर वर्गात विचारायचं मनात होतं, पण सगळ्यांसमोर तो विषय काढणं बरं दिसलं नसतं, शिवाय हे तोंडी नीट सांगताही आलं नसतं. म्हणून लिहून देतो आहे.

प्रश्न २ (ब) मध्ये 6 Ω मधला करंट मेश अ‍ॅनालिसिसने काढायचा होता. माझं उत्तर 2 A आलं. दुसऱ्या लूपच्या समीकरणातल्या −8 भोवती लाल गोल करून शेजारी +8 लिहिलं आहे आणि पुढचं सगळं कापलं आहे. आकृती आणि पहिलं समीकरण यांचे २ गुण मिळाले. तुम्ही फळ्यावर सोडवून दाखवलेलं उत्तर 0.545 A होतं.

घरी जाऊन मी फळ्यावरचं उत्तर वहीतून पुन्हा सोडवलं. त्या आकडेमोडीत काहीही चूक नाही, ती तंतोतंत जुळते. फरक आकृतीत आहे. फळ्यावर 8 V च्या सोर्सची लहान रेघ वर काढली होती, म्हणजे धन टोक खाली. प्रश्नपत्रिकेवर मात्र लांब रेघ वर आहे. आमच्या प्रती झेरॉक्सच्या असल्यामुळे तिथलं + चिन्ह पुसट झालंय, नुसता ठिपका वाटतो. पण रेघांची लांबी स्पष्ट दिसते. पहिल्या बाकावरच्या दोन प्रतीही मी पाहिल्या, तिथेही तसंच आहे. आम्ही छापलेली आकृती पाहूनच सोडवलं.

त्या आकृतीप्रमाणे पूर्ण उत्तर पुन्हा लिहितो. डावीकडे 28 V आणि 4 Ω, मधल्या सामाईक फांदीत 6 Ω, उजवीकडे 2 Ω आणि 8 V. दोन्ही सोर्सची धन टोकं वर. दोन्ही लूपमधले करंट घड्याळाच्या दिशेने धरले आहेत.

```
लूप 1:  4*I1 + 6*(I1 - I2) = 28
        10*I1 - 6*I2 = 28          ...(1)

लूप 2:  6*(I2 - I1) + 2*I2 + 8 = 0
        -6*I1 + 8*I2 = -8          ...(2)
```

वाद आहे तो फक्त समीकरण (2) मधल्या चिन्हाचा. घड्याळाच्या दिशेने फिरताना 2 Ω ओलांडून आपण वरून खाली 8 V च्या सोर्समध्ये येतो. वर धन टोक असल्यामुळे आत शिरताना + आणि बाहेर पडताना −, म्हणजे व्होल्टेज ड्रॉप. तुम्हीच शिकवलं आहे की ज्या टोकातून शिरतो त्याचं चिन्ह लिहायचं. म्हणून डाव्या बाजूला +8 आणि पलीकडे नेल्यावर −8. धन टोक खाली असतं तर +8 बरोबर ठरलं असतं.

```
Δ  = (10)(8) - (-6)(-6)  = 80 - 36   = 44
Δ1 = (28)(8) - (-6)(-8)  = 224 - 48  = 176
Δ2 = (10)(-8) - (28)(-6) = -80 + 168 = 88

I1 = 176/44 = 4 A
I2 = 88/44  = 2 A
6 Ω मधला करंट = I1 - I2 = 2 A (वरून खाली)
```

पडताळणी दोन प्रकारे केली. आधी नोडल. 6 Ω वर 6 × 2 = 12 V येतात. मग 4 Ω मधून (28 − 12)/4 = 4 A आणि 2 Ω मधून (12 − 8)/2 = 2 A. नोडवर 4 A येतात, 2 A खाली जातात, 2 A उजवीकडे. जुळतं. पॉवरचा हिशेब मात्र मला जास्त पटला, कारण त्यात चिन्हाची चूक लपत नाही:

```
28 V ने दिलेली पॉवर: 28*4        = 112 W
4 Ω:                 4*4*4       = 64 W
6 Ω:                 2*2*6       = 24 W
2 Ω:                 2*2*2       = 8 W
8 V ने घेतलेली:       8*2         = 16 W
एकूण                 64+24+8+16  = 112 W
```

8 V चा सोर्स इथे पॉवर देत नाही, घेतो आहे, म्हणजे बॅटरी चार्ज होते आहे. फळ्यावरच्या आकृतीत दोन्ही सोर्स पॉवर देतात, म्हणूनच तिथे I1 = 6.18 A, I2 = 5.64 A असे मोठे आकडे आले आणि 6 Ω मधला करंट त्यांच्या फरकाएवढा, जेमतेम अर्धा अँपिअर उरला. तो हिशेबही त्याच्या जागी जुळतोच. सर्किट वेगळं आहे, एवढंच.

प्रॅक्टिकलला रिओस्टॅट लावून हे मांडून बघावं असंही वाटलं. पण आपल्या लॅबमधला रेग्युलेटेड सप्लाय 8 V च्या जागी ठेवला तर तो उलटा करंट आत घेणार नाही आणि रीडिंग भलतंच येईल. तिथे खरी बॅटरीच लागेल. त्यामुळे तो नाद सोडला.

सर, माझी विनंती एवढीच की प्रश्नपत्रिकेची मूळ प्रत, म्हणजे झेरॉक्सच्या आधीची, एकदा पाहावी. तिच्यावरही धन टोक वरच असेल तर समीकरण (2), डिटरमिनंट आणि उत्तर यांचे कापलेले ४ गुण मिळावेत. मला २० पैकी १३ आहेत, ते १७ होतील. मूळ प्रतीत धन टोक खाली असेल आणि झेरॉक्समध्येच काही घोळ झाला असेल, तरी निदान स्टेपचे गुण द्यावेत असं वाटतं. एमएसबीटीईच्या मॉडेल आन्सरवरील सूचनांमध्येही न्यूमेरिकलला स्टेपप्रमाणे गुण देता येतात असं म्हटलेलं असतं.

ज्यांनी +8 धरून फळ्यासारखं उत्तर लिहिलं त्यांचे गुण कमी व्हावेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. पुसट चिन्हामुळे त्यांनी तसं धरलं असेल तर त्यात त्यांचा काय दोष? माझ्यासारखं 2 A लिहिलेले अजून काही जण वर्गात आहेत. त्यांना न विचारता त्यांचे रोल नंबर इथे देणं मला योग्य वाटलं नाही, पण निर्णय झाला तर तो त्यांनाही लागू व्हावा.

उद्या, शुक्रवारी, दुपारच्या प्रॅक्टिकलनंतर मी स्टाफरूमबाहेर थांबेन. माझी बुटीबोरीची बस साडेपाचची आहे, तोपर्यंत तुम्ही म्हणाल तेव्हा भेटतो. उद्या तुम्हाला सवड नसेल तर सोमवारी लेक्चरनंतर येईन.

काही कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर राग मानू नये.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
तुषार
रोल नं. ३७, तिसरे सेमिस्टर, विद्युत

सोबत: माझ्या उत्तरपत्रिकेच्या पान ३ व ४ ची झेरॉक्स, प्रश्नपत्रिका (8 V चा सोर्स पेन्सिलने गोल केला आहे)