‘कणा’ : रसग्रहण

द्वितीय वर्ष कला, मराठी
गृहपाठ : कुसुमाग्रज यांच्या ‘कणा’ या कवितेचे आशय, प्रतिमा, सूर आणि अलंकार यांच्या आधारे रसग्रहण करा.

प्रश्नात चार खाती पाडून दिली आहेत. ‘कणा’ मात्र त्यांत नीट बसत नाही, कारण इथे प्रतिमेतच सूर आहे आणि अलंकारातच आशय. म्हणून मी या कवितेतल्या हातांचा माग काढत गेले आहे.

प्रसंग छोटा आहे. भर पावसात एक जुना विद्यार्थी सरांच्या दारी येतो. पुरात घर गेले, एवढेच त्याला सांगायचे असते. पण तो ‘पूर’ हा शब्द उच्चारतच नाही. तो म्हणतो, ‘गंगामाई पाहुणी आली’. नाशिककराला इथे टीप लागत नाही. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, बाजारालासुद्धा ‘गंगेवर’ जातो. पाऊस लागला की माझी आजी पंचवटीतल्या घरातून एकच विचारते, “मारुतीच्या कुठवर आलं?” दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी, हेच आमचे पूर मोजण्याचे माप. पाणी वाढले की तिचा जीव खालीवर होतो आणि तरी ती नदीला नावे ठेवत नाही. शिरवाडकरांचे बरेचसे आयुष्य याच गावात गेले, तेव्हा हा सूर त्यांना शोधावा लागला नसणार.

नदीला पाहुणी म्हटले, तिला नाचवले, ही चेतनगुणोक्ती. ‘माहेरवाशीण पोरीसारखी’ ही उपमा. अलंकारांची नावे इथे संपतात, खरी गंमत पुढे आहे. माहेरवाशिणीला रिकाम्या हाताने पाठवायचे नसते. तिची ओटी भरतात, सोबत काहीतरी बांधून देतात. ‘मोकळ्या हाती जाईल कशी’ या शब्दांमागे हा सगळा रिवाज उभा आहे. पुराने घर धुऊन नेले, पण सांगणारा जणू पाठवणी केल्यासारखा बोलतो. त्यात ‘बायको मात्र वाचली’ इतके सहज येते की वाचणारा क्षणभर हसतो आणि लगेच दचकतो. पुढे पापण्यांवरच्या पाण्याला तो ‘प्रसाद’ म्हणतो. याला व्याजस्तुती म्हणावे का, यावर वर्गात वाद झाला होता. माझ्या मते नाही. व्याजस्तुतीत वरवर स्तुती आणि आत निंदा असते. या माणसाच्या मनात नदीबद्दल निंदा नाहीच, आहे ते दुःख, आणि ते त्याने विनोदाच्या पदराआड ठेवले आहे.

भाषेतली एक बारीक गोष्ट मला फार आवडली. तो आला तेव्हा त्याचे कपडे ‘कर्दमलेले’ होते. हा शब्द निवेदकाचा, पुस्तकी. तोच चिखल त्याच्या स्वतःच्या तोंडी ‘चिखलगाळ’ होतो. ज्याला तो उपसायचा आहे, त्याच्याकडे त्याच्यासाठी जड शब्द नाही. ‘भिंत खचली, चूल विझली’ ही वाक्येही यादी वाचावी तशी तोकडी आहेत. उलट ‘बांधतो आहे’, ‘काढतो आहे’ यांत काम अजून चालू असल्याचा दम लागलेला आवाज ऐकू येतो. ‘विशाखा’तल्या (1942) ‘क्रांतीचा जयजयकार’ची गर्जना इथे नाही. यमके जोडीजोडीने येतात, पण बोलण्याच्या ओघात ती जाणवतही नाहीत.

मग दुसरा हात येतो, सरांचा, खिशाकडे जाणारा. सर चांगले आहेत, म्हणूनच त्यांची चूक होते. समोरचा उभा राहतो. त्याला राग येत नाही. ‘पैसे नकोत सर’ म्हणताना तो जे कारण देतो, ते गरिबीचे नसून एकटेपणाचे आहे. कारभारीण सोबत असूनही एकटेपणा! हा शब्द कवितेत एकदाच येतो आणि आधीचे सगळे हसणे त्याच्या उजेडात पुन्हा वाचावे लागते.

तिसरा हात त्याने मागितलेला, पाठीवरचा. संसार मोडला, कणा मोडला नाही, या विरोधावर कविता पेलली आहे आणि कणाही पाठीतच असतो. फलकांवर आणि शुभेच्छापत्रांवर यातले फक्त ‘लढ’ उचलतात, तिथे ही कविता घोषणा होऊन बसते. मुळात शब्द ‘लढ म्हणा’ असे आहेत. लढायचे त्याने आधीच ठरवलेले आहे, कवितेत तो ‘लढतो आहे’ असे सांगूनही टाकतो. त्याला हवे आहे ते दुसऱ्या कुणीतरी म्हणणे. त्यामुळे इथला वीररस पायापाशी ओला आहे.

साऱ्या कवितेत सर एक शब्दही बोलत नाहीत. त्यांचा हात खिशातून निघून पाठीवर गेला की नाही, हे कुसुमाग्रजांनी लिहिलेले नाही.