फळीवरचा क्रम

मार्चअखेरीस लालबागमधील त्या मसाल्याच्या दुकानाला रंग दिला गेला आणि रंगाऱ्यांनी उतरवलेल्या बरण्या हाताला येतील तशा पुन्हा फळ्यांवर चढवल्या. वर्षाचा मालवणी मसाला करून घेणाऱ्या बायकांची गर्दी आठवड्याभरात सुरू होणार होती. त्यामुळे अण्णांनी कणकवलीहून नव्याने आलेल्या गणूला स्टुलावर चढवले आणि "लाव नीट" एवढेच सांगून ते गल्ल्यावर जाऊन बसले.

गणूने प्रथम उंचीप्रमाणे बरण्या लावल्या. ती मांडणी देखणी होती, पण जिरे आणि शहाजिरे शेजारी आले आणि पहिल्याच घाईत एकाऐवजी दुसरे तागडीत पडले. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी शहाजिऱ्याची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. मग गणूने बाराखडीचा क्रम धरला, तेव्हा हिंग आणि हिरवे वेलदोडे दाराजवळच्या उन्हात एकत्र आले. अण्णांनी हिंग टोकाच्या कोपऱ्यात एकटा नेला आणि वेलदोडे आतल्या सावलीत ढकलले. वेलदोड्यांचा हिरवा रंग उजेडाने उडतो आणि रंग उडालेल्या वेलदोड्याला गिऱ्हाईक हात लावत नाही, हे गणूला बऱ्याच दिवसांनी कळले.

खरा उलगडा मात्र एका म्हातारीने केला. तिने कागद न पाहता यादी म्हणायला सुरुवात केली: धणे, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, बाद्यान, नागकेशर, जायपत्री. अण्णा एकेक जिन्नस मागत गेले आणि गणू स्टूल घेऊन दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहिला. तिच्या मागून आलेल्या बाईचीही यादी थोड्याफार फरकाने तीच होती. त्या रात्री गणूने जिन्नस त्या यादीच्या ओळीने लावले. धण्यांचे पोते खाली राहिले, सांडणारी खसखस कमरेच्या उंचीवर आली आणि महागडी जायपत्री अण्णांच्या नजरेसमोर गेली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी एकही बरणी हलवली नाही, आणि या माणसाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही, हे गणूला एव्हाना ठाऊक झाले होते.

एक गोष्ट मात्र त्याला सुटेना. गल्ल्याच्या अगदी शेजारी, जिथे केशराची डबी शोभली असती, तिथे अण्णांनी ओव्याची बरणी स्वतःच्या हाताने ठेवली होती. ओवा मालवणी मसाल्यात पडत नाही, तो महागही नाही आणि उजेडाला तसा भीतही नाही. गणूने दोन दिवस विचार करून, गिऱ्हाईक निघता निघता तो हमखास आठवत असावे, असा अंदाज बांधला आणि तो मोठ्या आत्मविश्वासाने अण्णांना सांगितला.

"गिऱ्हाईक कसलं," बरणीतून चिमूटभर ओवा तोंडात टाकत अण्णा म्हणाले, "जेवल्यावर माझं पोट फुगतं."