अनुकुंटा

देगलूरच्या कोर्टात मी दुभाषी म्हणून उभा होतो. आमचं घर पद्मशाल्यांचं, घरात तेलुगू, बाहेर मराठी. शपथ घेतली होती : जे बोललं जाईल तेच सांगेन.

साक्षीला आलेली म्हातारी अव्वा सीमेपलीकडच्या मद्नूरकडची, वीटभट्टीवर कामाला. रात्री भट्टीवर तिच्या नातवाच्या डोक्यात कुणीतरी फावडं घातलं होतं.

वय विचारलं. "अरवै, अनुकुंटा." मी सांगितलं, "साठ."
आरोपी किती लांब होता? "पदि अडुगुलु, अनुकुंटा." मी सांगितलं, "दहा पावलं."

सवयच असते तिच्या बोलण्याला. मोठ्या माणसांपुढे ठाम बोलणं तिला उद्धटपणा वाटत असावा. माझी आजीही दारात आलेल्याला स्वतःचं नाव सांगताना तो शब्द लावायची.

सरकारी वकिलांनी आरोपीकडे बोट केलं. अव्वानं त्याच्याकडे बघितलं, नजर हलवली नाही.
"वाडे, अनुकुंटा."

माझी जीभ अडली. 'वाडे' म्हणजे 'तोच'. त्यातला 'च' तिनं दाबून म्हटला होता. पण पुढचा शब्द? 'अनु' म्हणजे म्हणणं. स्वतःशीच म्हणणं म्हणजे अनुकुंटा. 'वाटतं' म्हणावं तर तिची नजर खोटी पडते. गाळावा तर तिनं न घेतलेली शपथ मी घेतो. 'खात्री आहे का?' असं विचारायचा मला अधिकार नाही.

"तोच, असं मला वाटतं," मी म्हणालो.

आरोपीचे वकील लगेच उठले. "वाटतं. वय ठाम, अंतर ठाम, आणि ओळख पटवताना वाटतं! हे नोंदवून घ्यावं."

घशाला कोरड पडली. "मॅडम, वयाला आणि अंतरालाही तिनं हाच शब्द लावला होता. मी तो सोडला. चूक माझी."

न्यायाधीश मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग स्टेनोला आधीची दोन्ही उत्तरं दुरुस्त करायला सांगितली, आणि तिन्ही ठिकाणी 'वाटतं'च्या पुढे मूळ शब्द देवनागरीत लिहायला लावला.

"म्हणजे साक्षीदाराला स्वतःच्या वयाचीही खात्री नाही," वकील म्हणाले.

अव्वा माझ्याकडे बघत होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची मला मुभा नव्हती.

शेवटी साक्ष वाचून दाखवायची वेळ आली. मराठी कागद हातात, सांगायचं तेलुगूत. मी ओळीवर बोट ठेवलं. 'तोच, असं मला वाटतं.' त्याचं तेलुगू तोंडातून आपोआप आलं.

"वाडे, अनुकुंटा."

"अवुनु," अव्वा म्हणाली. तिनं मान हलवली, अंगठा शाईत बुडवला आणि मी दाखवलेल्या जागी कागदावर दाबला.