आंतरशालेय बालनाट्य स्पर्धेच्या प्रायोजकत्वाबाबत

सांगली, दि. १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. संचालक महोदय,
शिकवणी वर्ग, सांगली

संदर्भ : आपले दि. २७ ऑक्टोबर २०२५ चे पत्र

स. न. वि. वि.

डिसेंबरच्या २६, २७ आणि २८ तारखेला होणाऱ्या आमच्या बालनाट्य स्पर्धेसाठी आपण ३,००,००० रुपयांचे प्रायोजकत्व देऊ केलेत, याबद्दल मनापासून आभार. यंदाच्या स्पर्धेचा अंदाजित खर्च ५,४०,००० रुपये आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक भार आपण एकट्याने उचलायला तयार होतात. १८४३ साली ज्या गावात विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तिथे मुलांच्या नाटकामागे उभे राहावे असे आपल्याला वाटले, याचे मोल आम्ही जाणतो.

आपल्या पत्रावर कार्यकारी मंडळाच्या ६ नोव्हेंबरच्या सभेत सविस्तर चर्चा झाली. प्रायोजकत्वासोबतच्या अटी आमच्या संस्थेच्या घटनेतील व स्पर्धेच्या नियमावलीतील तरतुदींना धरून नाहीत, त्यामुळे हे प्रायोजकत्व आम्हाला स्वीकारता येत नाही, असा ठराव एकमताने झाला. कारणे आपल्याला नीट कळावीत, म्हणून एकेका अटीबद्दल लिहीत आहोत.

सर्वांत अडचणीची अट विद्यार्थ्यांच्या यादीची आहे. स्पर्धेत २४ शाळांचे संघ म्हणजे सुमारे ३०० मुले उतरतील. त्यांची नावे, इयत्ता आणि पालकांचे मोबाइल क्रमांक आपण मागितले आहेत. हे क्रमांक आमच्या प्रवेशअर्जात असतात. मुलाला अचानक ताप आला, जतची किंवा आटपाडीची गाडी रात्री उशिरा निघाली, तर घरी कळवता यावे एवढ्यासाठीच ते घेतलेले असतात. अर्जाच्या तळाशी पालकांच्या सहीच्या वर एक ओळ छापलेली आहे : ‘ही माहिती स्पर्धेखेरीज अन्य कामासाठी वापरली अथवा कोणाला दिली जाणार नाही.’ त्या ओळीवर विश्वास ठेवून पालक सही करतात. नियम १७ प्रमाणे हे अर्ज एकाच जबाबदार सभासदाकडे राहतात आणि निकालानंतर ६० दिवसांत नष्ट केले जातात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे, आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास मनाई आहे. पण कायदा नसता तरीही आमचे उत्तर हेच असते. ‘फक्त दहावीच्या मुलांची यादी द्या’ असा मधला मार्ग आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर सुचवला होता. तोही आम्हाला घेता येणार नाही.

दुसरी अट प्रत्येक नाटकाआधी चार मिनिटांची जाहिरातफीत दाखवण्याची. यात नियम आहे आणि घड्याळही आहे. रोज आठ नाटके होतात. नेपथ्य लावायला १० मिनिटे, प्रयोगाला ३० आणि मंच मोकळा करायला ५, असे एका संघाला ४५ मिनिटे मिळतात. आठ संघांचे सहा तास झाले. सकाळी प्रकाशयोजना तपासायला अर्धा तास, जेवणाची सुट्टी एक तास आणि शेवटी परीक्षकांच्या चर्चेला अर्धा तास धरला की नाट्यगृहाचे आरक्षित आठ तास भरले. जाहिरातीची रोजची ३२ मिनिटे त्यातून काढायची, तर ती प्रयोगाच्या वेळेतूनच जाणार.

शिवाय तिसरी घंटा झाली की मुले रंगवलेल्या चेहऱ्यांनी विंगेत आपापल्या जागी उभी असतात. पाचवीतली मुलगी हातात कागदी मुकुट घट्ट धरून पहिले वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत असते. त्या क्षणी पडद्यावर मोठ्या आवाजात फीत सुरू झाली, तर तिची जमवाजमव मोडते. तिसऱ्या घंटेनंतर मंचावर स्पर्धक संघाखेरीज दुसरे काही होऊ नये, हा नियम ९ त्यासाठीच आहे. आपला प्रकाशित फलक मंचाच्या मागच्या बाजूला कायम ठेवण्याची सूचनाही याच नियमात अडते. फलक उजळलेला राहिला तर संपूर्ण अंधार करता येत नाही, आणि अंधाराचा प्रसंग लिहिलेल्या संघाचे प्रकाशयोजनेचे गुण हकनाक जातात.

परीक्षक मंडळात आपला एक प्रतिनिधी घेणे शक्य नाही. देणगीदारांशी संबंधित व्यक्ती परीक्षक नसावी, असे नियम १२ सांगतो. आपल्या वर्गांना येणारी मुले स्पर्धेतल्या अनेक शाळांत आहेत. निकाल कितीही चोख लागला, तरी हरलेल्या संघाच्या मनात शंका राहील, आणि ती आपल्याही नावाला चिकटेल.

स्पर्धेच्या नावाआधी आपले नाव जोडणे घटनेच्या कलम ६ मध्ये बसत नाही. ते बदलायचे तर १५ दिवसांची नोटीस देऊन सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. स्पर्धेआधी ते करणे योग्यही नाही.

राहता राहिली आयकर सवलतीसाठीची ८०-जी ची पावती. ही सवलत देणगीला आहे. मोबदल्यात जाहिरात घेतली की ती रक्कम देणगी राहत नाही. देणगीदारांचे विवरण आम्हाला दरवर्षी आयकर खात्याला सादर करावे लागते, त्यात प्रायोजकत्वाची रक्कम देणगी म्हणून दाखवणे चुकीचे ठरेल. जाहिरातीची रक्कम आपल्याला व्यवसायखर्चात दाखवता येईल का, हे आपले सनदी लेखापाल सांगतील.

आपण पत्रासोबत पाठवलेला २५,००० रुपयांचा धनादेश आम्ही बँकेत भरलेला नाही. तो या पत्रासोबत परत करत आहोत, पोच द्यावी. आपल्याकडून आलेल्या ५०० कापडी पिशव्या कार्यालयात बांधलेल्या अवस्थेत आहेत. शनिवार, १५ नोव्हेंबरपर्यंत सकाळी १० ते १ या वेळेत त्या नेण्याची व्यवस्था करावी. आपल्या वर्गांच्या दर्शनी भागातील एका फलकावर आमच्या स्पर्धेचे ‘मुख्य प्रायोजक’ असा आपला उल्लेख असल्याचे काही शिक्षकांनी कळवले आहे. तो कृपया लगेच काढावा. दोन शाळांनी ‘यादी कुणाला देणार आहात का’ अशी विचारणा केली आहे आणि प्रवेशअर्जांची मुदत २० नोव्हेंबरला संपते.

नियमांत बसणाऱ्या दोन वाटा मात्र खुल्या आहेत. स्मरणिकेत पूर्ण पानाची जाहिरात ५,००० रुपयांना असते. मजकूर ५ डिसेंबरपर्यंत मिळावा, बिल रीतसर दिले जाईल. किंवा बाहेरगावच्या संघांच्या प्रवासखर्चासाठी विनाअट देणगी देता येईल. तिची पावती ८०-जी प्रमाणपत्रासह मिळेल आणि स्मरणिकेच्या देणगीदार यादीत, सर्वांच्या नावाच्याच आकारात, आपले नाव येईल. यापैकी काहीही केले नाही तरी आमच्या मनात किंतु राहणार नाही.

नकाराचा परिणाम आमच्याही वाट्याला येणार आहे. जत, आटपाडी आणि शिराळ्याच्या संघांना पूर्ण प्रवासखर्च देण्याचा विचार होता, आता निम्माच देता येईल. तो सल सभेत सगळ्यांनाच होता, तरीही ठराव एकमताने झाला.

स्पर्धेचे निमंत्रण आपल्याला वेगळे पाठवत आहोत. तिन्ही दिवस पहिल्या रांगेत आपल्यासाठी दोन जागा राखल्या आहेत. अवश्य यावे.

कळावे, लोभ असावा.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व कार्यवाह
(कार्यकारी मंडळाकरिता)

सोबत : १) रु. २५,००० चा मूळ धनादेश २) नियमावलीची प्रत (नियम ९, १२, १७ खुणा करून) ३) कोऱ्या प्रवेशअर्जाचा नमुना