ताईच्या लग्नातील जेवणासाठी: प्रत्येक घराने एकच उत्तर द्यावे

आदरणीय काका, आत्या, मामा, मावशी आणि सर्व भावंडांनो, सप्रेम नमस्कार.

ताईच्या लग्नाचे निमंत्रण आपल्या सर्वांना पोहोचले आहेच. हा निरोप केवळ जेवणाच्या नियोजनासाठी आहे. थोडा लांब झाला आहे, तरी तो शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

जेवणे दोन आहेत: शनिवारी 13 तारखेला रात्री घरच्या मंडळींचे, आणि रविवारी 14 तारखेला दुपारी लग्नाचे. शनिवारी शाकाहारी आणि मांसाहारी अशी दोन्ही व्यवस्था आहे, आणि दोन्हींची भांडी व वाढण्याची टेबले पूर्णपणे वेगळी असतील. रविवारचे जेवण सर्वांसाठी शाकाहारीच आहे. त्यामुळे शनिवारच्या आकड्याची शाकाहारी आणि मांसाहारी अशी फोड हवी आहे, तर रविवारचा एकूण आकडा पुरेसा आहे.

प्रत्येक घरातून कोणीतरी एकानेच, याच ग्रुपवर, शुक्रवारी 5 तारखेला रात्री 8 वाजेपर्यंत उत्तर द्यावे. एकाच घरातून बाबा, आई आणि मुलगी अशी तीन उत्तरे आली, तर चार माणसांची बारा होतात आणि ते नंतर कोणाच्याच लक्षात येत नाही. उत्तराचा नमुना असा:

"मधल्या आत्यांचे घर. शनिवारी रात्री 4 जण, त्यांपैकी 3 शाकाहारी, 1 मांसाहारी. रविवारी दुपारी 7 जण, त्यांत 5 वर्षांखालील 1 मूल. एकाला शेंगदाणा अजिबात चालत नाही."

कृपया "आम्ही सगळे येतोय" असे लिहू नये आणि नुसता अंगठाही पाठवू नये. आपल्या घरातल्या मागच्या कार्यक्रमाला मी अंगठे मोजून आकडा दिला होता, आणि शेवटच्या पंगतीला भात पुन्हा चढवावा लागला, हे बहुतेकांना आठवत असेल. ज्यांना आठवत नाही ते पहिल्या पंगतीला बसले होते. चूक माझीच होती, म्हणूनच या वेळी आकडा मागतो आहे. येणे अजून नक्की नसेल, तर "नक्की 3, कदाचित आणखी 2" असे लिहिले तरी चालेल. अजिबात जमणार नसेल, तर तेही संकोच न करता कळवावे. उत्तर न येण्यापेक्षा नकार आलेला आम्हाला जास्त सोयीचा आहे.

खाण्याच्या पथ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी आयत्या वेळी काही करता येत नाही, कारण भाज्यांचे वाटण आदल्या दिवशीच एकत्र तयार होते. आधी कळले, तर आचारी तेवढा भाग सुरुवातीपासून वेगळा शिजवतील. शेंगदाणा, दूध, गहू किंवा अन्य कशाची ऍलर्जी असेल, तर तो पदार्थ स्पष्ट नावानिशी लिहावा आणि "आवडत नाही" व "चालत नाही" यांत फरक करावा. न आवडणारा पदार्थ ताटाबाहेर ठेवता येतो. पण ऍलर्जी असेल, तर तेल, कढई आणि वाढण्याचा डावसुद्धा वेगळा ठेवावा लागतो. मधुमेहामुळे ज्यांना वेळेवर जेवावे लागते, किंवा ज्यांना कमी तिखट आणि मऊ अन्न लागते, अशा ज्येष्ठांचीही संख्या द्यावी. त्यांना रांगेत उभे न करता जागेवरच वाढले जाईल. शनिवारी कोणाचा उपवास असेल, तर तसा उल्लेख करावा. प्रकृतीची माहिती सर्वांसमोर लिहिणे नको वाटत असेल, तर ती मला स्वतंत्रपणे पाठवावी. मात्र माणसांचा आकडा ग्रुपवरच द्यावा.

लहान मुलांपैकी 5 वर्षांखालील मुले वेगळी मोजावीत, त्याहून मोठ्यांना पूर्ण ताट धरावे. गाडीसोबत चालक येणार असतील, तर त्यांनाही न विसरता मोजावे. दोन्ही बाजूंनी नाते असलेल्यांनी वराकडच्या ग्रुपवर उत्तर दिले असेल, तर इथे फक्त "तिकडे कळवले आहे" एवढेच लिहावे.

आलेल्या उत्तरांची घरवार यादी मी शनिवारी 6 तारखेला संध्याकाळी इथेच टाकेन. आपल्या घरापुढचा आकडा तपासून चूक असल्यास रविवारी कळवावी, कारण सोमवारी 8 तारखेला सकाळी अंतिम आकडा आचाऱ्यांना द्यायचा आहे. त्यानंतर एखाद-दुसरे माणूस वाढले तर सांभाळून घेता येईल. पाच-सहा जणांचा फरक पडणार असेल, तर मात्र ग्रुपवर न लिहिता मला थेट फोन करावा. मोठ्या काकू हा ग्रुप पाहत नाहीत, त्यांच्याशी आई फोनवर बोलली आहे: शनिवारी 2, रविवारी 5, सर्व शाकाहारी. पहिली नोंद त्यांचीच झाली आहे.

आपला,
ताईचा धाकटा भाऊ