जादा पगाराच्या एकरकमी वसुलीस हरकत व हप्त्यांचा प्रस्ताव

मरोळ, अंधेरी (पूर्व), मुंबई
9 एप्रिल 2026

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग

महोदया,

6 एप्रिलची वसुलीची नोटीस मिळाली. रात्रपाळी भत्ता चुकून चालू राहिल्याने 31,200 रुपये जादा गेले, ते एप्रिल आणि मेच्या पगारातून 15,600 प्रमाणे कापणार, असे त्यात आहे. जादा पैसे आले हे मी नाकारत नाही. रक्कम आणि कापण्याची पद्धत मात्र मान्य नाही.

नोटिशीत एप्रिल 2025पासूनचे 12 महिने धरले आहेत. माझी जनरल पाळी 1 ऑगस्टला सुरू झाली. त्याआधीचे चार महिने मी रात्रपाळीतच होतो, हजेरीपट पाहावा. म्हणजे 2,600 प्रमाणे आठ महिन्यांचे 20,800. त्यावर 12 टक्क्यांनी 2,496 रुपये पीएफ कापला गेला. ते माझ्या हातात आलेच नाहीत, त्यांची दुरुस्ती पीएफ खात्यातच व्हावी. उरतात 18,304.

ही चूक माझ्या लक्षात येण्यासारखी नव्हती. पगारपत्रकावर हा भत्ता ओव्हरटाइमसह ‘इतर भत्ते’ या एकाच ओळीत येतो आणि तो आकडा दरमहा बदलतो.

आता कपातीचे. जादा वेतन वळते करता येते, पण वेतन संहिता, 2019च्या कलम 18नुसार एका महिन्यातली एकूण कपात वेतनाच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. माझा सगळा पगार, 31,400, वेतन म्हणून धरला तरी मर्यादा 15,700 होते. पीएफ 2,400, व्यवसाय कर 200 आणि पतपेढीचा हप्ता 6,500 मिळून 9,100 आधीच जातात. त्यावर 15,600 कापले की कपात 24,700 होते आणि हातात 6,700 राहतात. खोलीचे भाडेच 9,000 आहे.

माझा प्रस्ताव असा: 18,304 रुपये 1,664च्या 11 समान हप्त्यांत, मे 2026 ते मार्च 2027च्या पगारांतून, बिनव्याजी कापावेत. हिशेब त्याच आर्थिक वर्षात मिटतो, आणि एकूण कपात 10,764वर राहते. पगारपत्रकावर ‘जादा वेतन वसुली, हप्ता 1/11’ अशी वेगळी ओळ असावी, नाहीतर बारावा हप्ताही सहज कापला जाईल. मध्येच नोकरी सोडल्यास बाकी अंतिम हिशेबातून घ्यावी. ग्रॅच्युइटीला हात लावू नये.

नोटिशीसोबतच्या संमतीपत्रात रकमेची जागा कोरी आहे, म्हणून सही केलेली नाही. वरचा आकडा आणि हप्ते लिहून दिल्यास त्याच दिवशी करतो. माझ्या सेवापुस्तकात याची नोंद गैरवर्तन म्हणून होऊ नये.

एप्रिलचे पगारपत्रक 22 तारखेला बंद होते. त्याआधी लेखी उत्तर द्यावे आणि तोवर कपात थांबवावी. या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मिळावी.

आपला विश्वासू,
स्टोअर सहायक, कर्मचारी क्र. 1147

सोबत: पाळीबदलाचा आदेश, एप्रिल ते जुलै 2025ची हजेरी, 12 पगारपत्रके