विषय: एकाच जिल्ह्याचं क्षेत्रफळ दोन अहवालांत वेगळं का दिसतं

नमस्कार मॅडम,

वार्षिक अहवालात जिल्ह्याचं क्षेत्रफळ ८,४१२ चौ. किमी आहे आणि तिमाही अहवालात ९,५६१. तुम्ही सकाळी विचारलंत की यातला कोणता आकडा बैठकीत मांडायचा. ८,४१२ मांडा. तिमाही अहवालातला आकडा चुकीच्या पद्धतीने मोजला गेला आहे.

जिल्हा तोच, हद्दही जवळपास तीच. फरक पडला तो गोल पृथ्वी सपाट करण्याच्या रीतीमुळे, म्हणजे प्रोजेक्शनमुळे. तिमाही अहवालाचं क्षेत्रफळ वेब मर्केटरमध्ये (EPSG:3857) काढलेलं आहे. ब्राउझरमधले बहुतेक नकाशे याच प्रोजेक्शनमध्ये असतात, कारण त्यात लहान भागांचे आकार आणि दिशा नीट राहतात. पण विषुववृत्तापासून दूर जावं तसं क्षेत्रफळ फुगत जातं. विषुववृत्ताजवळ ते जवळजवळ खरं असतं, ६० अंशांवर सुमारे चौपट होतं. नकाशा दाखवायला हे प्रोजेक्शन चांगलं आहे, क्षेत्रफळ मोजायला मुळीच नाही.

आपला जिल्हा २० अंश अक्षांशाच्या आसपास आहे. तिथला फुगवटा साध्या कॅल्क्युलेटरवर पडताळता येतो: cos 20° म्हणजे ०.९४०, त्याच्या वर्गाने १ ला भागलं की १.१३२. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हेही धरलं तर १.१३८ येतं. तिमाही अहवालाची हद्द घेऊन मी क्षेत्रफळ योग्य रीतीने पुन्हा मोजलं, तेव्हा ८,३९९ आलं. त्याला १.१३८३ ने गुणलं की ९,५६१ मिळतात. म्हणून कारणाबद्दल मला शंका नाही.

८,३९९ आणि ८,४१२ यांत उरलेले १३ चौ. किमी हद्दीच्या रेषेचे आहेत. नकाशा पटकन उघडावा म्हणून तिमाही अहवालात रेषा सोपी केलेली आहे आणि नदीकाठची बरीच वळणं त्यात सरळ झाली आहेत. जलाशय एकीकडे धरले आणि दुसरीकडे वगळले असंही होऊ शकतं, म्हणून तेही पाहिलं. दोन्हीकडे धरलेले आहेत.

मला खरी काळजी आहे ती क्षेत्रफळाने भागून काढलेल्या आकड्यांची. २४ लाख लोकसंख्या धरली तर घनता दर चौ. किमी २८५ यायला हवी, तिमाही अहवालात ती २५१ दिसते. दर चौ. किमी आरोग्य केंद्रं आणि रस्त्यांची लांबी हे दोन्ही स्तंभही असेच सुमारे १२ टक्क्यांनी कमी आहेत. निधीवाटपाच्या प्रस्तावात हेच तीन स्तंभ वापरायचं ठरलं आहे, म्हणून ते आजच थांबवावेत अशी माझी विनंती आहे. सगळ्या जिल्ह्यांना एकाच गुणकाने भागून हे दुरुस्त होणार नाही, कारण प्रत्येक जिल्ह्याचा अक्षांश वेगळा आणि फुगवटाही वेगळा. जो जिल्हा विषुववृत्तापासून जास्त दूर, तो प्रत्यक्षापेक्षा जास्त विरळ दिसतो. त्यामुळे जिल्ह्यांचा क्रमसुद्धा बदलू शकतो.

वनक्षेत्राची आणि पिकाखालच्या जमिनीची टक्केवारी मात्र चालेल. जिल्ह्याच्या आत वरचा आणि खालचा आकडा जवळपास सारखाच फुगतो, त्यामुळे टक्क्यांत फारसा फरक पडत नाही. ती पानं मागे घ्यायची गरज नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे. आत्ताची क्वेरी आणि बदललेली क्वेरी:

```sql
ST_Area(geom_3857) / 1000000

ST_Area(ST_Transform(geom_3857, 4326)::geography) / 1000000
```

दुसरी ओळ पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरच क्षेत्रफळ मोजते. वार्षिक अहवालात समक्षेत्र प्रोजेक्शन वापरलं होतं. त्याची मूळ हद्द या क्वेरीतून मोजली तरी ८,४१२ च येतात, म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा मिळतो. यापुढे मोजणीसाठी दोन्ही अहवालांनी ही मूळ हद्द घ्यावी आणि सोपी केलेली रेषा फक्त चित्रापुरती ठेवावी, म्हणजे ते १३ चौ. किमीही उरणार नाहीत. क्षेत्रफळाच्या प्रत्येक तक्त्याखाली मोजणीची पद्धत एका ओळीत छापावी असंही मला वाटतं. ती ओळ असती तर हा फरक पहिल्याच वाचनात कुणाच्याही लक्षात आला असता.

तुमचा होकार आला की उद्या दुपारपर्यंत सगळ्या जिल्ह्यांचे सुधारित तक्ते पाठवते. प्रस्तावाचा मसुदा त्याआधी बाहेर जाणार असेल तर मला फोन करा, घनतेचा स्तंभ आधी करून देईन.

आपली,
विश्लेषक, नकाशा व माहिती विभाग